थर्मोडायनॅमिक्सचा पहिला नियम: चिन्हं, युनिट्स आणि हातातून निसटणारे मार्क (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मराठवाड्यातल्या मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना मी बरीच वर्षं थर्मो शिकवतो आहे. पहिला नियम कुणाला कळत नाही असं सहसा होत नाही. ऊर्जा नष्ट होत नाही, हे सगळ्यांना पटलेलं असतं. तरी गणित सोडवताना उत्तर चुकतं, आणि ते जवळजवळ दर वेळी चिन्हात किंवा युनिटमध्ये चुकतं. खालचे प्रश्न मुलांनी वर्गात, बसस्टँडवर आणि परीक्षेच्या आदल्या रात्री फोनवर विचारलेले आहेत.

एका पुस्तकात ΔU = Q − W आहे, दुसऱ्यात ΔU = Q + W. खरं कोणतं?

दोन्ही खरी आहेत. फरक नियमात नाही, W कुणाचं मोजायचं यात आहे. पहिल्या सूत्रात W म्हणजे सिस्टमने बाहेर केलेलं काम. दुसऱ्यात W म्हणजे बाहेरून सिस्टमवर झालेलं काम. एकच काम दोन टोकांनी पाहिलं की चिन्ह उलटतं, एवढंच.

तुम्ही बारावीत ही दोन्ही सूत्रं एकाच वर्षी शिकून आलेला असता, फक्त वेगवेगळ्या तासाला. रसायनशास्त्रात W = −pΔV आणि ΔU = Q + W. भौतिकशास्त्रात ΔU = Q − W. त्या वेळी कुणी ती दोन सूत्रं शेजारी ठेवून दाखवली नाहीत, म्हणून गोंधळ डोक्यात तसाच राहिला.

मेकॅनिकलवाले पहिली पद्धत वापरतात, त्याला कारण आहे. हा विषय वाफेच्या इंजिनातून उभा राहिला. इंजिनाला उष्णता द्यायची आणि त्याच्याकडून काम घ्यायचं. म्हणून आत येणारी उष्णता अधिक आणि बाहेर जाणारं कामही अधिक. टर्बाइनचं काम अधिक येतं आणि कॉम्प्रेसरचं उणे. आपल्या कामाला हे सोयीचं पडतं. या पानावर सगळीकडे हीच पद्धत आहे.

मी चिन्हं नीट लावली, तरी उत्तर चुकलं. असं का?

बहुतेक वेळा तुम्ही दोन पद्धती एकाच ओळीत मिसळलेल्या असतात. एक उदाहरण घेऊ.

सिलिंडरमध्ये ०.३ किलो हवा आहे, तापमान ३२ °से. पिस्टनने तिच्यावर ४० किलोज्यूल काम केलं आणि त्याच वेळी सिलिंडरच्या भिंतीतून १२ किलोज्यूल उष्णता बाहेर गेली. अंतर्गत ऊर्जा किती बदलली?

आपल्या पद्धतीने उष्णता बाहेर गेली म्हणून Q = −१२. काम हवेवर झालं म्हणून W = −४०.

ΔU = Q − W = −१२ − (−४०) = +२८ किलोज्यूल.

रसायनशास्त्राच्या पद्धतीने Q = −१२, W = +४०, आणि ΔU = Q + W = −१२ + ४० = +२८. उत्तर तेच.

आता चूक कशी होते ते बघा. विद्यार्थी मनात म्हणतो, "काम हवेवर झालंय, म्हणजे हवेला मिळालं, म्हणजे अधिक." तो W = +४० लिहितो आणि सूत्र मात्र Q − W वापरतो. उत्तर येतं −५२. चिन्ह रसायनशास्त्राचं आणि सूत्र मेकॅनिकलचं.

हे ओळखायचं कसं? ΔU वरून तापमान काढा. हवेचा cv ०.७१८ किलोज्यूल प्रति किलो केल्विन आहे. +२८ धरलं तर तापमान २८ ÷ (०.३ × ०.७१८), म्हणजे साधारण १३० अंशांनी वाढतं आणि हवा १६२ °सेला जाते. सायकलच्या पंपाचं खालचं टोक हवा भरल्यावर हाताला चटका देतं, त्याच जातीचं हे उत्तर आहे. −५२ धरलं तर तापमान २४१ अंशांनी उतरून −२०९ °से होतं. म्हणजे हवा दाबली आणि तिचं पाणी झालं! साधी हवा साधारण −१९४ °सेलाच द्रव होते. असं उत्तर पेपरवर दिसलं की हात तिथेच थांबला पाहिजे.

मग परीक्षेत चिन्हांचं नेमकं करायचं काय?

गणिताच्या पहिल्या ओळीत लिहा: "सिस्टमला मिळणारी उष्णता अधिक, सिस्टमने केलेलं काम अधिक." एक ओळ, बस. तुम्ही कोणती पद्धत धरली आहे ते तपासणाऱ्याला कळतं आणि तुम्हालाही मध्येच पद्धत बदलता येत नाही.

दुसरं, आकृतीत सिस्टमभोवती तुटक रेषेची बाउंड्री काढा आणि Q व W चे बाण खरोखर ज्या दिशेने ऊर्जा जाते त्या दिशेने काढा. पेपरमध्ये "काम दिलं", "काम मिळालं", "कॉम्प्रेसरला ४५ किलोवॅट लागतात" अशी वाक्यं असतात. "लागतात" हा शब्द वाचून बाण आतल्या दिशेला काढा आणि मगच W = −४५ लिहा. शब्दावरून थेट चिन्ह लावायला गेलात तर फसाल. मधे बाण हवाच.

टाकीवरचा गेज ७ बार दाखवतो. तेच p सूत्रात घालायचं ना?

नाही. साधा गेज बाहेरच्या हवेपेक्षा आतला दाब किती जास्त आहे तेवढंच सांगतो. सूत्राला निरपेक्ष दाब लागतो, म्हणजे गेजचा आकडा अधिक वातावरणाचा दाब. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे वातावरणाचा दाब पुस्तकातल्या १.०१३ बारऐवजी साधारण ०.९५ बार भरतो. पेपरमध्ये वातावरणाचा दाब दिला असेल तर तोच घ्या. नसेल तर १.०१३ घ्या आणि तसं लिहा. प्रत्यक्ष मशीनवर मोजमाप करत असाल तर मात्र इथलाच दाब घ्यायचा.

वाळूजच्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये कॉम्प्रेसरची टाकी दिसेल. समजा ती ५०० लिटरची आहे, गेज ७ बार, आतली हवा ३५ °सेला. निरपेक्ष दाब ७.९५ बार, म्हणजे ७९५ किलोपास्कल.

m = pV ÷ RT = (७९५ × ०.५) ÷ (०.२८७ × ३०८) = साधारण ४.५ किलो.

गेजचाच आकडा घातला असता तर ३.९६ किलो आलं असतं, म्हणजे १२ टक्के कमी. ही चूक गप्प असते. ३.९६ बघून कुणालाच शंका येणार नाही. ती उघडी पाडायची असेल तर टाकी रिकामी असल्याची कल्पना करा. गेज शून्यावर आहे. सूत्रात शून्य घातलं तर टाकीत हवाच नाही असं उत्तर येतं. पण व्हॉल्व्ह उघडा असलेल्या त्या टाकीतही अर्धा किलोहून थोडी जास्त हवा असतेच.

त्याच टाकीला ऊन लागलं तर cp वापरायचा की cv?

ही टाकी उन्हात ठेवली आणि आतली हवा ३५ वरून ४५ °सेला गेली, असं धरू. टाकीच्या भिंती हलत नाहीत, म्हणून बाउंड्रीचं काम शून्य. उरतं Q = ΔU.

Q = m cv ΔT = ४.५ × ०.७१८ × १० = साधारण ३२ किलोज्यूल.

"उष्णता दिली की cp" असं पाठ केलेली मुलं इथे १.००५ घेतात आणि ४५ लिहितात. cp मधला जास्तीचा भाग हा दाब स्थिर ठेवून फुगताना वायू जे काम करतो त्याचा असतो. टाकी फुगत नाही, म्हणून तो भाग इथे येत नाही. आदर्श वायूचा ΔU काढताना मात्र प्रक्रिया कोणतीही असो, दाब स्थिर असला तरी, cv च लागतो. हे मुलांना पचायला वेळ लागतो. पण ΔU फक्त तापमानावर ठरतो आणि हवा त्या तापमानाला कुठल्या रस्त्याने पोचली याच्याशी त्याचा संबंध नाही, हे एकदा बसलं की प्रश्न मिटतो.

इथेच दुसरा सापळा आहे. वरच्या गणितात तापमानाचा फरक लागतो, म्हणून सेल्सियस चालतं. १० अंश सेल्सियसचा फरक म्हणजे १० केल्विनचाच फरक. पण नवा दाब काढायचा असेल तर गुणोत्तर लागतं, आणि तिथे केल्विनच हवं: ७.९५ × ३१८ ÷ ३०८ = ८.२१ बार निरपेक्ष, म्हणजे गेज ७.२६ दाखवेल. सेल्सियस घातलं तर ७.९५ × ४५ ÷ ३५ = १०.२ येतं. फक्त उन्हाने दाब सव्वादोन बार वाढत असता तर उन्हाळ्यात आपल्याकडच्या सगळ्या टाक्यांचे सेफ्टी व्हॉल्व्ह दिवसभर शिट्ट्या मारत बसले असते.

pΔV काढताना बार आणि लिटर चालतात का?

चालतात, पण रूपांतर हातात असलं पाहिजे. १ बार × १ घनमीटर = १०० किलोज्यूल. १ बार × १ लिटर = ०.१ किलोज्यूल. एवढी दोनच वाक्यं वहीच्या आतल्या पानावर लिहून ठेवा. २ बारच्या स्थिर दाबाला वायू ५० लिटरवरून १२० लिटरला फुगला तर काम २ × ७० × ०.१ = १४ किलोज्यूल. ०.१४ किंवा १४० लिहिलेली उत्तरं मी कायम बघतो. मुलाला सूत्र येत असतं, आकडेही बरोबर असतात, फक्त एक शंभर किंवा एक दहा सुटलेला असतो.

टर्बाइनच्या गणितात u नाही, h का? आणि pΔv वेगळं का धरत नाही?

टर्बाइनमधून वाफ वाहते. आत येणाऱ्या वाफेला मागची वाफ ढकलते आणि बाहेर जाणारी वाफ पुढच्या वाफेला ढकलते. हे ढकलण्याचं काम pv असतं, आणि ते u मध्ये मिळवलं की h होतं. म्हणजे h घेतलं की ढकलण्याचं काम त्यात आलंच. त्यावर पुन्हा pΔv मिळवलं तर तेच काम दोनदा मोजलं जातं. बंद सिस्टममध्ये u आणि ∫p dV, वाहत्या सिस्टममध्ये h आणि शाफ्टचं काम. या दोन घरांतलं सामान एकमेकांत मिसळू नका.

एक पूर्ण गणित सोडवून दाखवाल का?

नक्की. लातूर, धाराशिव, बीडकडच्या बऱ्याच मुलांनी साखर कारखाना आतून बघितलेला असतो, म्हणून तेच घेतो. गाळप हंगामात बॉयलरची वाफ टर्बाइन फिरवते आणि टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफ उसाचा रस उकळायला जाते.

टर्बाइनला तासाला २० टन वाफ मिळते. आत येताना वाफ ४० बार निरपेक्ष, ४०० °से, h = ३२१४ किलोज्यूल प्रति किलो, वेग ४० मीटर प्रति सेकंद. बाहेर जाताना h = २७५६, वेग ११० मीटर प्रति सेकंद. आत येण्याची जागा बाहेरच्या जागेपेक्षा ३ मीटर वर. केसिंगमधून ३० किलोवॅट उष्णता बाहेर जाते. शाफ्टवर किती शक्ती मिळेल?

सूत्र एक किलो वाफेसाठी लिहू:

q − w = (h₂ − h₁) + (V₂² − V₁²)/2 + g(z₂ − z₁)

सगळ्यात आधी वाफेचा प्रवाह. तासाला २० टन म्हणजे २०,००० ÷ ३६०० = ५.५५६ किलो प्रति सेकंद. कारखान्यात सगळे टीपीएचमध्येच बोलतात, पण किलोवॅट म्हणजे सेकंदाला किलोज्यूल, म्हणून इथे सेकंद हवा.

आता एकेक पद. एन्थाल्पीचा बदल २७५६ − ३२१४ = −४५८ किलोज्यूल प्रति किलो. वेगाच्या पदात (१२१०० − १६००) ÷ २ = ५२५०. हे ५२५० कशात आहे? ज्यूल प्रति किलोमध्ये, कारण मीटर वर्ग प्रति सेकंद वर्ग म्हणजेच ज्यूल प्रति किलो. किलोज्यूलमध्ये ते ५.२५. उंचीचं पद ९.८१ × (−३) = −२९ ज्यूल, म्हणजे −०.०३ किलोज्यूल. उष्णता बाहेर जाते, म्हणून q = −३० ÷ ५.५५६ = −५.४ किलोज्यूल प्रति किलो.

w = −५.४ + ४५८ − ५.२५ + ०.०३ = ४४७.४ किलोज्यूल प्रति किलो.

शक्ती = ४४७.४ × ५.५५६ = साधारण २४८५ किलोवॅट, म्हणजे जवळजवळ अडीच मेगावॅट.

या गणितात मुलं कुठे घसरतात?

एका उत्तरपत्रिकेतली ओळ माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. वर h किलोज्यूलमध्ये, त्याखाली ५२५० तसंच, उंचीचे २९ ही तसेच, आणि शेवटी पट्टी लावून दोनदा अधोरेखित केलेलं उत्तर: −२६,४८९ किलोवॅट. बेरीज-वजाबाकी अगदी अचूक होती. मुलाने एन्थाल्पी किलोज्यूलमध्ये आणि वेगाचं पद ज्यूलमध्ये घेऊन थेट मिळवलं होतं. अक्षर सुंदर होतं, पायऱ्या नेटक्या होत्या, आणि टर्बाइन मात्र साडेसव्वीस मेगावॅट वीज पीत होतं.

ही ओरडणारी चूक आहे. टर्बाइनचं काम उणे आलं की ती स्वतःहून समोर येते, फक्त आपण उत्तराकडे एक क्षण बघितलं पाहिजे. वाफेच्या टर्बाइनमध्ये वेगाचं पद सहसा एन्थाल्पीच्या पदाच्या एक-दोन टक्के भरतं. ते त्याच्या दहापट आलं तर १००० ने भागायचं राहिलं आहे, हे नक्की. नोझलमध्ये मात्र वेगाचं पदच मुख्य असतं, तिथे हा ठोकताळा लावू नका.

जास्त घातक चूक गप्प असते. उष्णतेचं चिन्ह उलटं लावलं, म्हणजे q = +५.४ धरलं, तर उत्तर २५४५ किलोवॅट येतं. बरोबर उत्तरापेक्षा फक्त ६० जास्त. बघून कुणालाच कळणार नाही. तिथे आकृतीतला बाणच कामाला येतो: बाण बाहेर आहे, म्हणजे उष्णता गमावल्यामुळे काम कमीच झालं पाहिजे. उष्णता न गमावता किती काम मिळालं असतं ते काढा, ४५२.८ येतं. आपलं उत्तर त्याच्याखाली आहे, म्हणजे चिन्ह बरोबर.

कारखान्यातल्या गेजवर kg/cm² असतं. त्याचं काय करायचं?

१ किलो प्रति चौरस सेंटीमीटर म्हणजे ०.९८१ बार. एक्झॉस्टच्या गेजवर काटा १.५ वर असेल तर तो १.४७ बार गेज, आणि आपल्या भागातले ०.९५ मिळवले की साधारण २.४ बार निरपेक्ष. स्टीम टेबलमध्ये हा आकडा शोधायचा, १.५ नाही. फरक किती पडतो ते संपृक्त तापमानावरून दिसतं: १.५ बारला ते १११ °से आहे, २.४ बारला १२६ °से. एक्झॉस्ट लाइनवरचा थर्मामीटर टेबलच्या उत्तरापेक्षा पंधरा अंश जास्त दाखवत असेल तर थर्मामीटर बिघडला म्हणण्याआधी तुम्ही गेजचा दाब टेबलात घातला का, ते बघा.

जुन्या नोंदवह्यांत एन्थाल्पी किलोकॅलरीतही सापडते. १ किलोकॅलरी ४.१८७ किलोज्यूल, म्हणजे आपली ३२१४ तिथे साधारण ७६८ दिसेल.

माझ्या आणि मित्राच्या रेफ्रिजरंटच्या टेबलात h वेगळं आहे. कुणाचं चुकीचं?

कुणाचंच नाही. R-134a च्या काही टेबलांत ० °सेच्या संपृक्त द्रवाला h = २०० धरतात, काहींत −४० °सेच्या द्रवाला h = ० धरतात. त्यामुळे एकाच अवस्थेच्या आकड्यांत जवळपास १४८ किलोज्यूलचा फरक दिसतो. पहिल्या नियमात h चा फरकच येतो, म्हणून कोणतंही एक टेबल घेतलं तरी उत्तर तेच. गडबड होते ती h₁ स्वतःच्या पुस्तकातून आणि h₂ मित्राच्या झेरॉक्समधून घेतल्यावर. मग कॉम्प्रेसरच्या कामात ते १४८ शिरतात आणि उत्तर कधी चार-पाच पट तर कधी उलट्या चिन्हाचं येतं. एका गणिताला एकच टेबल वापरा.